साडेनऊ नॉटनं घरी

जहाज सावकाश चालवलं की तेल वाचतं, ही गोष्ट मी बाबांना मेहकरच्या आमच्या घरी, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलता सोलता समजावून सांगितली होती. तेव्हा मी रजेवर होतो आणि मोठ्या तोऱ्यात होतो. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून पहिलाच करार संपवून आलेलो, गळ्यात सोनं नव्हतं पण आवाजात होतं. आज तो तोरा आठवला की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. मेहकर–जालना ही त्यांची नेहमीची गाडी. डेपोत बोर्डावर प्रत्येक ड्रायव्हरचा हिशेब लागतो, एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर नेली त्याचा, आणि बाबांचं नाव त्या यादीत वरून दुसऱ्या-तिसऱ्या जागेच्या खाली मी कधी पाहिलं नाही. उतार लागायच्या आधीच त्यांचा पाय उचललेला असायचा. थांबा दिसला की अर्धा फर्लांग आधीपासून गाडी आपली आपण हळू होत यायची. ब्रेक मारणारा ड्रायव्हर म्हणजे त्यांच्या लेखी डिझेल रस्त्यावर ओतणारा माणूस.

त्यामुळे माझं बोलणं त्यांना लगेच कळलं, पण आकड्यापाशी ते अडखळले. मी म्हणालो, "बाबा, आमचं जहाज तेरा नॉटनं चालवलं तर दिवसाला तीस टन तेल खातं. साडेनऊवर आणलं तर किती खात असेल?"

त्यांनी शेंग सोलत हिशेब केला. "येकवीस-बावीस?"

"बारा."

"बारा?" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "वेग पाव भाग कमी केला अन् तेल निम्म्याच्याबी खाली? कायले खोटं बोलतं बे?"

खोटं नव्हतं. पाण्यात वेग वाढवायचा तर ताकद त्याच्या घनानं वाढवावी लागते. वेग दुप्पट करायला आठपट ताकद. उलट बाजूनंही तेच, थोडा वेग सोडला की ताकद धाडकन खाली येते आणि तिच्याबरोबर तेल. दिवस जास्त लागतात, ते दिवस धरूनही सफरीचं तेल निम्म्याच्या आसपास येतं. बाबांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर कौतुक होतं, ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. मग विचारलं, "अन् पॅसेंजर बोंबलत नाई का, उशीर झाला म्हणून?"

"कोळसा असतो बाबा. कोळशाला कुठं जायची घाई?"

"अन् तुमाले?"

मी हसण्यावारी नेलं. त्याच संध्याकाळी माय म्हणाली की पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला बाबा रिटायर होतात, शेवटच्या फेरीला डेपोवाले गाडी सजवतात, घरची माणसं गाडीत बसतात. मी म्हणालो, मी येणारच. ड्रायव्हरच्या मागची सीट माझी. दुसऱ्या दिवशी बाबांनी ही गोष्ट डेपोत चार जणांना सांगितल्याचं मला कंडक्टरकाकांकडून कळलं.

आता माझा गाढवपणा.

पुढच्या करारात जहाजमालकाच्या ऑफिसातून सुपरिटेंडंटचा मेल आला. सुपरिटेंडंट म्हणजे जमिनीवर बसून आमच्या इंजिनाची काळजी करणारा साहेब. इंजिन मिनिटाला कमीत कमी किती फेऱ्यांवर चालवता येईल, कळवा. माझ्या आधीच्या चीफनं याच प्रश्नाला नन्नाचा पाढा लावला होता. कमी लोडवर काजळी साचते, टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, विजेचे ब्लोअर सतत चालवावे लागतात, धुराच्या उष्णतेवर वाफ होत नाही म्हणून बॉयलर वेगळा पेटवावा लागतो, वगैरे. सगळं खरं. पण मला वाटलं, हा म्हातारा घाबरट. मी आठवडाभर इंजिनाशी खेळलो, सिलिंडरमध्ये जाणारं वंगण लोडच्या हिशेबानं बसवलं, नोझल तपासले, आणि दोन पानांचं पत्र लिहिलं. ब्लोअर चालू ठेवून आणि रोज दोन तास फेरे वाढवून काजळी उडवून दिली, तर साडेनऊ नॉटवर हे इंजिन हवे तितके दिवस चालेल. हवे तितके दिवस. हे तीन शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिले, खाली सही केली, शिक्का मारला.

मालकाकडून शाबासकीचा मेल आला. तो मी फोनवरून घरी वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "हाव, आता बोर्डावर नाव लागलं म्हणा की."

त्या शाबासकीचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. जहाज मालकाचं असतं, पण ते चार्टरर भाड्यानं घेतो. दिवसाचं भाडं चार्टरर देतो आणि तेलही चार्टररच भरतो. म्हणजे सावकाश चालवून तेल वाचलं तर ते त्याचं वाचतं, पण जितके दिवस जास्त लागले तितक्या दिवसांचं भाडं त्याच्या माथी. भाडं स्वस्त आणि तेल महाग असेल तर त्याला सावकाश परवडतं, उलट असेल तर तोच मागं लागतो की हाणा. मालकाला भाडं रोज मिळतंच. बाजार मंदा असला की जहाज लांबच्या सफरीत अडकलेलं त्याला बरंच वाटतं, आणि बाजार चढला की तेच त्याच्या पोटात दुखतं. इंजिनाची झीज मात्र कायम त्याच्याच वाट्याला. तर आमच्या मालकानं जहाज भाड्यानं देताना माझं पत्रच पुढं केलं होतं. आमचं जहाज साडेनऊवर हवे तितके दिवस चालतं. आमच्या चीफची सही आहे.

आम्ही दक्षिण आफ्रिकेत कोळसा भरला. भरायला जागा मिळेपर्यंत तीन आठवडे नांगरावर, कोमट पाण्यात. चव्वेचाळीसशे मैलांवर गुजरातचा किनारा. तेरा नॉटनं चौदा दिवस. बाबांची शेवटची फेरी, आम्ही निघाल्यापासून विसाव्या दिवशी. माझ्या जागी येणारा चीफ गुजरातेत येऊन बसणार होता. चौदा दिवस, एक-दोन दिवस धक्क्याला लागायला, एक दिवस प्रवास. मी मायला सांगून टाकलं की मी तीन दिवस आधीच घरी येतो.

निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टननं बोलावलं. कॅप्टन रत्नागिरीकडचे, सावकाश बोलणारे, रागवायलाही वेळ घेणारे. त्यांनी मेल माझ्याकडं फिरवला. चार्टररचा हुकूम होता: बंदरात गर्दी आहे, साडेनऊ नॉटनं या.

"चीफ, एकोणीस दिवस," ते म्हणाले. "तुझ्या घरचं काहीतरी आहे ना?"

"विसाव्या दिवशी."

"मग जरा अवघडच."

खरं सांगायचं तर हुकूम वेडगळ नव्हता. बंदरात जागा नसताना धावत जाऊन नांगर टाकून बसायचं, यासारखा मूर्खपणा नाही. पण मला त्या दिवशी शहाणपण नको होतं. मला घरी जायचं होतं.

चौथ्या दिवशी मी मेल लिहिला. काजळी वाढते आहे, धुराचं तापमान चढतं आहे, इंजिनासाठी अकरा नॉट तरी द्यावेत. काजळी थोडी वाढली होती, हे खरं. मी तिला बऱ्यापैकी फुगवून सांगितलं, हेही खरं. कॅप्टननं वाचला, माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी सुपरिटेंडंटचं एका ओळीचं उत्तर आलं: सोबतचं पत्र पाहावं. सोबत माझंच पत्र होतं. माझी सही, माझा शिक्का, हवे तितके दिवस.

मी ते वाचलं आणि खाली इंजिनरूममध्ये जाऊन विनाकारण तिसऱ्या इंजिनिअरवर खेकसलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नंतर मीच त्याला चहा करून दिला, पण तेवढ्यानं काय होतं.

पुढचे दिवस तर विचारूच नका. साडेनऊ नॉट म्हणजे सायकलच्या वेगानं समुद्र पार करणं. रोज दुपारी बारा वाजता रिपोर्ट जायचा: चोवीस तासांत एवढे मैल, एवढं तेल. बारा टन मुख्य इंजिनाचे, अडीच टन जनरेटरचे, दीड टन त्या बॉयलरचे, जो एरवी समुद्रात पेटवावा लागत नाही. जनरेटर आणि बॉयलर काही सावकाश चाललं म्हणून कमी खात नाहीत. जितके दिवस जास्त, तितकं त्यांचं जास्त. दोन तास फेरे वाढवून काजळी उडवायची, धुराड्यातून काळा लोट निघायचा, आणि त्या दोन तासांत जहाज कसं चालतंय याचा मला फार आनंद व्हायचा. मग पुन्हा खाली.

नवव्या दिवशी मागून एक जहाज आलं आणि आमच्या डाव्या बाजूनं पुढं निघून गेलं. तसंच, आमच्याएवढंच, कोळशानंच भरलेलं, त्याच बंदराला निघालेलं. कॅप्टननं रेडिओवर विचारलं तर म्हणाले, आमचा नेहमीचाच वेग आहे. मी डेकवर उभा राहून ते लहान होईपर्यंत बघत राहिलो. त्या जहाजावरच्या कुठल्यातरी चीफनं असलं पत्र लिहिलं नव्हतं.

आणि दहाव्या दिवशी दुपारी नवा हुकूम. बंदरात जागा रिकामी होते आहे, सतराव्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचलात तर ती तुमची. पूर्ण वेगानं या.

माझ्या मनाचे दोन भाग झाले. अर्ध्यानं उडी मारली: सतराव्या दिवशी धक्का, अठराव्या दिवशी सही करून मोकळा, विसाव्या दिवशी घरी. उरलेलं अर्धं संतापानं धुमसत होतं. अर्धी वाट रांगत जायचं आणि अर्धी ऊर फुटेस्तोवर पळायचं, यात तेल वाचत नाही, जळतं. घनाचा नियम दोन्हीकडून लागतो. सावकाश चालून जे वाचवलं ते पळताना दामदुपटीनं जातं. पहिल्या दिवसापासून अकरा-सव्वाअकरा नॉटनं शांतपणे आलो असतो तर त्याच वेळी पोचलो असतो आणि कितीतरी कमी तेलात. हे बाबांनी न शिकताच सांगितलं असतं.

तरी मी फेरे वाढवले. हळूहळू, तासातासानं, कारण इतके दिवस थंड चाललेल्या इंजिनाला एकदम दाबलं तर ते माफ करत नाही. इंजिन चौदा नॉटचं तेल खायला लागलं, दिवसाला चाळीस टन. वेग मात्र साडेबाराच्या पुढं जाईना. समोरून ईशान्येचा वारा, आणि तीन आठवडे नांगरावर बसून बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले. बंदरातली ती गर्दी, तो वारा, ते बूड, यांतलं काहीच माझ्या पत्रात नव्हतं.

मी घरी फोन केला. बाबांनीच उचलला. मी म्हणालो, "मुंबईकडून येतो, जालन्यावरून. वेळ कमी पडला तर मेहकरात नाही चढणार, वाटेत बीबीच्या थांब्यावर गाडी गाठतो. सीट ठेवा."

"येशील ना नक्की?"

"येतो."

सतराव्या दिवशी आम्ही पोचलो दुपारी दोन वाजता. सहा तास उशीर. ती जागा त्या डाव्या बाजूनं गेलेल्या जहाजाला मिळाली होती. ते आदल्या रात्रीपासून नांगरावर उभं होतं, रांगेत आमच्या पुढं, आणि बंदराचा नियम साधा: जो आधी आला तो आधी. आम्हाला सांगण्यात आलं, नांगर टाका, चार दिवस. नांगरावरून उतरता येईल का, विचारलं. बंदरावरचा आमचा एजंट म्हणाला, समुद्र खवळलेला आहे, होडी लावत नाहीत, इमिग्रेशन धक्क्यावरच होईल.

तिथून किनारा दिसत होता. क्रेन दिसत होत्या. मोबाइलला रेंज येत-जात होती. मी रोज ठरवायचो की आज बाबांना सांगतो, आणि रोज एजंट म्हणायचा की कदाचित उद्या. म्हणून मी उद्यावर ढकलत गेलो. विसाव्या दिवशी सकाळी तर फोन हातातही घेतला नाही. काय सांगणार होतो? कोळशाला घाई नसते हे?

एकविसाव्या दिवशी धक्क्याला लागलो. तेविसाव्या दिवशी मेहकरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा एक गाडी जालन्याला निघत होती आणि लोक खिडकीतून आत रुमाल टाकून सीट धरत होते. ड्रायव्हर कुणी वेगळाच होता.

घरी झेंडूचे हार अजून खिळ्याला लटकलेले होते, वाळलेले. बाबा दुकानाकडं गेले होते. मायनं पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि मी तिसरा घास घेतला तेव्हा सांगायला लागली.

"तुह्या बापाले दस्ती टाकून सीट धरणं किती खटकते, तुले म्हाइत हाये."

माहीत होतं. दस्ती म्हणजे रुमाल. सगळी नोकरी बाबा त्या रुमालांशी भांडले. जो उभा आहे त्याची सीट, रुमालाची नाही, असं म्हणून त्यांनी कित्येकांचे रुमाल उचलून हातात दिले होते. सरपंचाचासुद्धा.

"त्या दिशी सकाळी त्यायनं सोताची दस्ती काढली अन् ड्रायव्हरच्या मांगच्या सीटवर टाकली," माय म्हणाली. "कोनाले बसू देल्लं नाई. डेपोतले लोकं हासून राह्यले होते. सुलतानपूरले गाडी गच्च भरली, मी म्हनलं अहो, बसू द्या कोनाले. तं म्हने, बीबीपर्यंत थांब."

माझा घास तसाच राहिला.

"बीबीले उतरले. गाडीला चक्कर मारली, जालन्याच्या रोडकडं पाहून आले. कंडक्टर म्हने, दहा मिनिटं थांबू साहेब, आज कोनी काई म्हननार नाई. त्यायनं घड्याळ पाह्यलं. येक म्हातारी चढली होती, बोचकं घेऊन, उभी होती बिचारी. त्यायनं सोताच्या हातानं दस्ती उचलली, तिले म्हनले, बस माय. अन् टायमावर गाडी काढली."

मी विचारलं, "काही बोलले?"

"जालन्यापर्यंत नाई."

बाबा तासाभरानं आले. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, कधी निघाला, जेवला का, एवढं विचारलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग मीच सगळं सांगून टाकलं. पत्र, सही, हवे तितके दिवस. काजळीबद्दल फुगवून लिहिलेला मेल. नवव्या दिवशी पुढं गेलेलं जहाज. दहा दिवस रांगणं आणि सात दिवस पळणं. फोन न करणं, हेही. ते ओसरीत भिंतीला टेकून ऐकत होते. मधे फक्त एकदा म्हणाले, "आंधी धीरे अन् मंग दाबून? असं कोन चालवते?"

"हुकूम तसा होता."

"हां."

त्यांनी नखानं फरशीची फट कोरली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो डेपोत रोज फेरी संपल्यावर विचारतात.

"मंग वाचलं किती तेल?"

मी मनातल्या मनात सगळे बारा वाजताचे रिपोर्ट पुन्हा एकदा जुळवले. सावकाशीचे दहा दिवस, पळायचे सात, नांगरावरचे चार. तेरा नॉटनं सरळ आलो असतो तर जेवढं लागलं असतं, त्याच्यापेक्षा पंधरा टन जास्तच.

"काहीच नाही, बाबा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा नीट.

"वाचलं असतं," ते म्हणाले, "तं मले येवढं वाटलं नसतं."